क ख ग घ ची कर्तव्यं (शुक्रवारच्या टेस्टसाठी)

पोरांनो, मागच्या टेस्टचे पेपर तपासले आणि डोक्याला हात लावला. मूलभूत कर्तव्यं लिहा म्हटलं तर कुणी सात लिहिली, कुणी तेरा, आणि अर्ध्या वर्गाने "मतदान करणे" आणि "कर भरणे" ही दोन ठोकून दिलीत. ती यादीतच नाहीत! म्हणून रात्री बसून हे जुळवलंय. कविता म्हणून फार भारी नाहीये मला माहितीये पण तोंडात बसते, पाठ करा.

क – कायदा संविधानाचा, मान ध्वजाचा, गाण्याचा
ख – खस्ता खाऊन लढले, त्यांचे आदर्श आपले
ग – गमवू नको एकता, अखंड सार्वभौमता
घ – घडीला त्या धावू सारे, देश जेव्हा हाक मारे
ङ – ङ म्हणे भाऊ हरेक, बाईला कमी न लेख

च – चालीरीती जपा नाना, वारसा मोलाचा माना
छ – छाया झाडाची राखावी, मुक्याला माया लावावी
ज – जे ऐकलं ते तपास, विज्ञानाची धर कास
झ – झोडाझोडी, तोडफोड, दोन्हीची ही खोड सोड
ञ – ञ म्हणे काम उत्तम, एकटा असो की टीम

ट – टाक पोराला शाळेत, सहा ते चौदा वयात

आणि शेपूट:
दहा दिली बेचाळिशी, अकरावं शहाऐंशी

चाल अभंगाची आहे, आठ अक्षरं, थांबा, परत आठ अक्षरं. स्वल्पविरामाशी थांबायचं म्हणजे मांडीवर एक थाप. दोनदा म्हणून बघा, तिसऱ्यांदा कागद लागणार नाही. (पहिल्या ओळीत गाण्याआधी आणि झ मध्ये झोडाझोडीनंतर एकेक जास्तीचा स्वल्पविराम पडलाय, तिथे थांबू नका, थाप संविधानाचा नंतर आणि तोडफोड नंतर.)

आता अक्षरांचं. ही मी मनाने लावलेली नाहीत. अनुच्छेद ५१क मध्ये कर्तव्यांना मराठीत हेच क्रम दिलेत, क पासून ट पर्यंत, आणि त्यात गंमत बघा, क ते ङ हा मुळाक्षरांचा पहिला गट पाच, च ते ञ दुसरा गट पाच, झाली दहा, आणि तिसऱ्या गटातला ट एकटाच बाहेर उभा. ही पहिली दहा १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने आली आणि तो एकटा ट २००२ च्या ८६व्या दुरुस्तीने. म्हणजे मुळाक्षरांच्या तक्त्यावरच सगळा इतिहास लिहिलाय, वेगळं पाठ करायची गरजच नाही. काही गाइडमध्ये अ, ब, क असे क्रम छापतात, गोंधळू नका, क्रम तोच असतो, फक्त नाव बदलतं.

ङ आणि ञ ने मला रात्री दीड वाजेपर्यंत जागवलं. या अक्षरांवरून सुरू होणारा शब्द मराठीत कुठून आणणार? शेवटी त्यांनाच बोलायला लावलं, "ङ म्हणे", "ञ म्हणे". त्याचा एक फायदा झाला, जिथे "म्हणे" येतं तिथे आकडा पाचवा किंवा दहावा, हे आपोआप कळतं.

ओळीत सगळं मावत नाही, तेव्हा पेपरात लिहिताना काय काय वाढवायचं ते सांगतो.

क मध्ये "गाणं" म्हणजे राष्ट्रगीत, पेपरात गाणं लिहिलंत तर मार्क कापणार. आणि संविधानाचं पालन करणं एवढंच नाही, त्याचे आदर्श आणि त्याच्या संस्था यांचाही मान आहे त्यात. ग मध्ये तीन गोष्टी मागतात, सार्वभौमता, एकता, एकात्मता. मी "अखंड" घातलंय ते एकात्मतेसाठी, मूळ शब्द लक्षात ठेवा. ख आणि घ सरळ आहेत, फक्त ख मध्ये "स्वातंत्र्यलढा" आणि घ मध्ये "राष्ट्रसेवा" हे शब्द यायला हवेत.

ङ नीट वाचा, कारण इथे सगळ्यात जास्त चुकता. बंधुभाव तर आहेच, धर्म, भाषा, प्रदेश, वर्ग असले भेद ओलांडून, पण दुसरा अर्धा भाग सगळे विसरतात, की स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडून द्यायच्या. "स्त्रियांचा आदर करणे" असं गुळमुळीत लिहू नका. प्रथा सोडणे हे त्यातलं काम आहे, आदर मनातल्या मनात ठेवून काय उपयोग.

च मधले "नाना" म्हणजे कुणाचे आजोबा नव्हेत रे (काल एकाने खरंच विचारलं), नाना म्हणजे अनेक प्रकारच्या. पुस्तकात याला संमिश्र संस्कृतीचा वारसा म्हणतात, संमिश्र हा शब्द सोडू नका, सगळं वजन त्यातच आहे. छ मध्ये झाडाबरोबर सरोवरं, नद्या, वन्यजीव लिहायचे. राखणंच नाही, पर्यावरण सुधारणं पण आहे.

ज मध्ये माझी फजिती झाली. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधकबुद्धी, सुधारणावाद, चार गोष्टी, आणि अक्षरं सोळा. माणुसकी घातली की नववं अक्षर यायचं आणि चाल लंगडायची. तर माणुसकी ओळीबाहेर राहिलीये, ती तुम्ही डोक्यात ठेवायची. कुणाला बसवता आली तर सांगा, ओळ बदलू.

झ मध्ये झोडाझोडी म्हणजे हिंसा, तोडफोड म्हणजे सार्वजनिक मालमत्तेची. मागच्या बाकावरच्या मंडळींनी कंपासने बाकावर जी नावं कोरलीत ती पण यातच येतात, नावं वाचता येतात मला. ञ मध्ये वैयक्तिक आणि सामुदायिक दोन्ही क्षेत्रं, म्हणूनच ती "टीम".

ट वेगळंय. बाकी सगळी कर्तव्यं प्रत्येक नागरिकाची, हे फक्त आईवडील किंवा पालक असलेल्या नागरिकाचं, मुलाला शिक्षणाची संधी देण्याचं. त्याच ८६व्या दुरुस्तीने २१क मध्ये याच वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. मुलाचा हक्क २१क, पालकाचं कर्तव्य ५१क, जोडीने लक्षात ठेवा, जोड्या लावा मध्ये हमखास येतं.

अजून काही गोष्टी ज्या ओळींत नाहीत. शिफारस स्वर्णसिंग समितीची, त्यांनी आठच सुचवली होती, सरकारने दहा घातली. कर भरणं समितीच्या शिफारशीत होतं, पण घटनेत आलं नाही, म्हणून तुम्हाला ते "ऐकल्यासारखं" वाटत असेल तर ठीक आहे पण लिहायचं नाही. भाग चार-क. अंमल ३ जानेवारी १९७७ पासून. आणि "कर्तव्य पाळलं नाही तर शिक्षा काय" हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच, तर ५१क मध्ये शिक्षा लिहिलेली नाही, मूलभूत हक्कांसारखं त्यासाठी थेट कोर्टात पण जाता येत नाही. पण म्हणून झेंड्याचा अपमान चालतो असं नाही, त्याला १९७१ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात तुरुंग पण आहे.

शुक्रवारी क पासून विचारणार नाही. मी मधलंच अक्षर म्हणणार, समजा "छ", तुम्ही ओळ म्हणायची आणि कितवं ते सांगायचं. ङ आणि ञ मी पहिल्या बाकासाठी राखून ठेवलेत.