मतं न देणाऱ्यांचेही आभार

प्रभाग दोनमधल्या माझ्या आया-बहिणींनो, काका-मामांनो आणि बूथवर दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्या पोरांनो,

मला 231 मतं पडली. समोरच्या उमेदवारांना 204. सात जणांनी ‘नोटा’ दाबलं. म्हणजे 442 पैकी 211 जणांना मी नको होते. निकाल ऐकल्यापासून हा दुसरा आकडाच माझ्या डोक्यात जास्त घोळतोय.

ज्यांनी मत दिलं, त्यांचे हात जोडून आभार. निकाल ऐकून सासूबाई रडल्या. मी मात्र रडले नाही, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं.

आता ज्यांनी दिलं नाही त्यांच्याविषयी. कालपासून पारावर हिशोब चालू आहे, कुठल्या गल्लीतून किती पडली, कुणी शब्द फिरवला. तो आजपासून बंद करा. मत गुप्त असतं, ते गुप्तच राहू द्या. मला कुणी नावं सांगायला येऊ नये, मी ऐकणार नाही. उद्या कुणी दाखल्यासाठी आलं, तर तो माणूस कुणाचा हे विचारायची मला गरज नाही.

प्रचारात एका आजींनी मला दारातच सांगितलं, “मत काही तुला देणार नाही, पण चहा पिऊन जा.” चहा पिता पिता म्हणाल्या, “आमच्या दारातला नळ तीन महिने गळतोय. मतं मागायला सगळे आलात, तेव्हा कुठं होता?” खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजी, तुमचा नळ पहिल्या मासिक सभेत माझ्या तोंडी असेल.

पण जास्तीचं आश्वासन देत नाही. मी सरपंच नाही, नऊ सदस्यांतली एक आहे. ठराव बहुमतानं होतो. माझ्या हातात एवढंच की प्रश्न मांडायचा, इतिवृत्तात नोंदवून घ्यायचा आणि काय झालं ते तुम्हाला येऊन सांगायचं. तुमच्या हातात ग्रामसभा आहे. मागची कोरम नाही म्हणून तहकूब झाली, हे आपल्या सगळ्यांचंच पाप. निवडणुकीत किती खर्च केला त्याचा हिशोब मला 30 दिवसांत द्यावा लागेल. तो मी फळ्यावरही लावीन, कुणीही वाचा.

समोरचे उमेदवार नात्यानं माझे चुलत दीर लागतात. भाऊजी, काल तुमच्या दारासमोर आमच्या पोरांनी मुद्दाम माळ लावली, घरात आजारी माणूस असताना. ते मला आवडलं नाही. मी सगळ्यांदेखत माफी मागते. स्मशानभूमीच्या रस्त्याचा मुद्दा तुमचा होता आणि तो बरोबर होता. त्यासाठी मी तुमच्याकडे कागद मागायला येणार आहे.

आता मिरवणूक नाही, डीजे नाही. गुलाल काल पुरेसा झाला. भाऊजींच्या दारात फटाक्यांचे कागद अजून तसेच पडलेत. उद्या सकाळी सातला मी झाडू घेऊन तिथं जाते. माळ लावणाऱ्यांनी यायचं आहे, नावं मला माहीत आहेत.