बियाण्याचा अभिप्राय, जरा निवळून

भाचेबुवा,

बियाण्याच्या दुकानाबद्दलच्या अभिप्रायाचा तुझा मसुदा दोनदा वाचला. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा पेन घेतलं. तालुक्याच्या कोर्टाबाहेर बसून मी जन्मभर लोकांचे अर्ज लिहिले. तिथं एक कळलं, शिवी आली की समोरचा शिवीवरच बोलतो आणि मूळ गाऱ्हाणं बाजूला पडतं.

"बियाणं उगवलं नाही, पण शेठचा बंगला मात्र उगवला" ही ओळ फर्मास आहे, तरी काढली. बंगला त्याच्या बापाच्या काळचा आहे, हे अख्ख्या औशाला ठाऊक. "दरोडेखोर"ही गेला. बॅग सीलबंद होती आणि आतलं बियाणं त्यानं भरलेलं नाही. त्याला माहीत असून विकलं, असं तुझ्याकडं काय आहे? काउंटरवरच्या पोराला "अडाणी" म्हटलंस, त्या जागी त्यानं बिलात काय सोडलं तेवढंच ठेवलं. तुझ्या रागात तेवढंच कामाचं होतं.

एक गोष्ट मात्र मी वाढवली. पेरणीआधी उगवण तपासली नाहीस, हे तू लिहिलंच नव्हतंस. ते आपणच सांगितलेलं बरं, नाहीतर दुकानदार सांगेल. बाकी "उगवलं नाही" याचं मी "उगवण थोडी कमी जाणवली" असं काही केलेलं नाही. मराठवाड्यात जूनचा पाऊस एकदाच विश्वास ठेवायला लावतो. तिफण दुसऱ्यांदा काढायला लागणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे.

आता हे असं जाऊ दे:

"या कृषी सेवा केंद्रातून मी यंदा सोयाबीनच्या २५ किलोच्या पाच बॅगा घेतल्या. तीन एका लॉटच्या, दोन दुसऱ्या. जमीन एकच, सगळी पेरणी २१ जूनला एकाच ट्रॅक्टरनं, चांगली ओल झाल्यावर केली. दोन बॅगांचं बियाणं सहाव्या दिवशी ओळीनं दिसलं. तीन बॅगांच्या अडीच एकरात दहाव्या दिवशीही मीटरभर ओळीत सहा-सात रोपं होती. शेजारच्या पट्ट्यात तेवढ्याच अंतरात अठरा-वीस.

बॅगेत थोडं बियाणं उरलं होतं. त्यातले १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. ४१ उगवले. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. ही तपासणी मी पेरणीआधी केली नव्हती, ती चूक माझी.

तक्रार घेऊन गेलो तेव्हा मालकांनी 'कंपनीशी बोला' एवढंच सांगितलं. कंपनीच्या माणसाचा नंबर मागितला, तो दोन दिवसांनी मिळाला. बिलावर लॉट नंबर लिहिलेला नव्हता. मागितल्यावर काउंटरवरच्या मुलानं लिहून दिला. घेताना बिल नीट बघायला हवं होतं. त्या दिवशी दुकानासमोर बियाण्याच्या बॅगा टेंपोतून आपटून उतरवताना मी पाहिल्या. माझ्या बॅगा तशाच उतरवल्या का, ते मला माहीत नाही. पण सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ असतं, आपटल्यानं उगवण बिघडते, हे दुकानात सगळ्यांना माहीत असायला हवं.

चांगलं सांगायचं तर खत वेळेवर मिळालं, भावही जादा लावला नाही. दुबार पेरणीच्या बियाण्यात मालकांनी बॅगेमागं २०० रुपये कमी केले. पण तीन बॅगांचे ८,४०० रुपये आणि पेरणीचं भाडं गेलं ते गेलंच. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं अर्ज दिला आहे, पंचनामा व्हायचा आहे. त्यात जे निघेल, ते इथं लिहीन. तोवर माझं म्हणणं एवढंच: इथून बियाणं घेताना बिलावर लॉट नंबर लिहून घ्या. तक्रार आली की मालकांनी स्वतः कंपनीला फोन लावावा, एवढी अपेक्षा आहे."

वाच आणि सांग. ४१ चा आकडा खरा आहे ना? पुन्हा मोजला असशील तर दुसराही लिही, कमी असो की जास्त. बॅगेवरचं लेबल, रिकामी बॅग आणि उरलेले दाणे फेकू नकोस, पंचनाम्याला लागतील. टाकायच्या आधी अक्काला वाचून दाखव. बंगल्याची ओळ तिला मात्र सांगू नको, ती दुकानात जाऊन सांगून येईल.

तुझा मामा