ट्रस्टमध्ये ठेवलेल्या बचतीविषयी नातवंडांना पत्र

प्रिय मुक्ता, ईशान आणि ओवी,

अनेक आशीर्वाद.

तुमच्या तिघांच्या नावाने मी एक ट्रस्ट केला आहे आणि माझ्या बचतीचा मोठा भाग त्यात ठेवला आहे. ट्रस्टचा करारनामा वकिलाने लिहिला. तो बरोबर आहे, पण तीनदा वाचल्याशिवाय मलाही कळला नाही. म्हणून हे पत्र. पत्र आणि करारनामा यांत कुठे फरक दिसला, तर करारनामाच खरा धरायचा. पत्राला कायद्याचं बळ नाही. मी असं का ठरवलं, ते तुम्हाला समजावं एवढ्यासाठीच ते लिहितो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हे पैसे आता माझे नाहीत. विश्वस्तांच्या ताब्यात दिले त्या दिवशी माझा हक्क संपला, आणि उद्या मला ते परत हवेसे वाटले तरी मागता येणार नाहीत. मुद्दामच तसं लिहून घेतलं. परत घेण्याची मुभा ठेवली असती, तर कधीतरी कुणाच्या तरी अडचणीत मी ती वापरली असती. माझा स्वभाव तुमच्या आजीला विचारा. पैसे विश्वस्तांचेही नाहीत. नाव त्यांचं, सही त्यांची, पण उपयोग फक्त तुमच्यासाठी. त्यातून त्यांनी स्वतः उसनं घ्यायचं नाही, एकमेकांना द्यायचं नाही. त्यांच्या स्वतःच्या धंद्यात खोट आली तरी त्यांच्या देणेकऱ्यांचा या रकमेवर हक्क पोचत नाही.

मग सरळ तुमच्या आईबाबांना का दिले नाहीत, असा प्रश्न ईशानने विचारलाच असता. त्यांच्यावर माझा अविश्वास नाही. पण घरात आलेले पैसे घरात मिसळतात. कर्जाचा हप्ता, दुरुस्ती, कुणाचं तरी आजारपण. सगळी कारणं खरी असतात, आणि वर्षभराने तुमचा हिस्सा कुठे गेला ते कुणालाच सांगता येत नाही. मृत्युपत्रात लिहिणं सोपं होतं, पण ते माझ्या मागे लागू होतं. शिवाय तेव्हा तुम्ही सज्ञान नसाल तर पैसे सांभाळायला कुणीतरी लागणारच. ते कुणी आणि कसं सांभाळायचं, हे मी डोळ्यांदेखत ठरवलेलं बरं.

विश्वस्त तिघे आहेत. मुक्ता-ईशानचे बाबा, ओवीची आई आणि अनघाताई. अनघाताई हिशेब तपासण्याच्या व्यवसायातल्या आहेत आणि आपल्या नात्यातल्या नाहीत, म्हणूनच त्या हव्या होत्या. कोणताही निर्णय दोघांच्या सहीने होईल. मात्र मुलांपैकी कुणासाठी पैसे काढायचे असतील, तर त्या मुलाच्या आई-बाबांनी त्या सहीत नसावं. म्हणजे मुक्ताने शिक्षणासाठी पैसे मागितले तर निर्णय आत्या आणि अनघाताई घेतील. यावर तुमच्या बाबांनी जरा तोंड पाडलं, पण मान्य केलं.

आता वाटणी. इथे तुमच्या आजीचं आणि माझं बरेच दिवस पटत नव्हतं. मला वाटायचं, सगळी रक्कम विश्वस्तांच्या विवेकावर सोडावी, ज्याला गरज जास्त त्याला जास्त. ती म्हणाली, "गरज कुणाची मोठी हे ठरवता ठरवता भावंडं एकमेकांची तोंडं बघायची नाहीत." शेवटी असं ठरलं की शंभरातले सत्तर भाग तिघांत अगदी सारखे वाटायचे आणि प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवायचं. उरलेले तीस भाग सामाईक. मोठं आजारपण, अपघात, किंवा स्वतःच्या हिश्शातून भागणार नाही असं शिक्षण यासाठी विश्वस्त त्यातून देतील. त्यात कुणाचा ठरलेला वाटा नाही, त्यामुळे कुणाला किती मिळाले याचा हिशेब एकमेकांकडे मागायचा नाही. पुढे एखादं भावंड आलंच, तर त्यालाही या सामाईक भागातून मिळेल.

सारखे हिस्से मिळताना मात्र सारखे दिसणार नाहीत. मुक्ता १७ वर्षांची आहे, ओवी ६ वर्षांची. दोघींच्या वयात ११ वर्षांचं अंतर. वर्षाला ७ टक्के वाढ धरली, तर ११ वर्षांत १०० चे सुमारे २१० होतात. म्हणजे पंचविशीत ओवीच्या हाती मुक्ताच्या दुपटीहून थोडी जास्त रक्कम येईल. मुक्ता, रागावण्याआधी दुसरा आकडाही बघ. महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर आज १०० ला मिळणारी वस्तू तेवढ्याच काळाने सुमारे १७१ ला मिळेल. ओवीच्या जादा रकमेतला बराचसा भाग महागाईच खाऊन टाकणार. थोडा फायदा तिचा होतो, हे खरं. तेवढा धाकटेपणाचा म्हणून सोडून दे. आणि हे ७ टक्के म्हणजे माझं वचन नव्हे. काही पैसे मुदत ठेवीत आहेत, काही शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात. बाजार पडला की आकडा खाली येईल. देण्याची वेळ जवळ येईल तसे पैसे फंडातून ठेवीत हलवावेत, असं करारनाम्यात लिहिलं आहे.

पैसे मिळतील कधी? १८ पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी कधीही, फी थेट संस्थेला जाईल. २५ पूर्ण झाल्यावर उरलेल्यातले निम्मे तुमच्या हाती, आणि ३० ला बाकी सगळे. दोन हप्ते अशासाठी की पहिल्या निम्म्यात काही फसलं, तर दुसरं निम्मं शिल्लक असावं. कशासाठी वापरायचे यावर मी अट घातलेली नाही. अमुक विषय शिका, अमुक वयात लग्न करा, असलं काही त्यात नाही. तसं लिहायचा सल्ला मला मिळाला होता, मी तो ऐकला नाही. बंधन एकच आहे. हातात येण्याआधी आपला हिस्सा कुणाकडे गहाण ठेवता येणार नाही किंवा विकता येणार नाही. "तुला पुढे मिळणारच आहेत, आत्ता माझ्याकडून घे" असं म्हणणारी माणसं भेटतील. त्यांना करारनाम्याचं ते पान दाखवा.

एक कलम लिहिताना हात जड झाला, पण लिहावं लागतं. तुमच्यापैकी कुणी ३० च्या आधी या जगात नसेल, तर त्याचा हिस्सा त्याच्या मुलांना, मुलं नसतील तर उरलेल्या भावंडांना सारखा.

ट्रस्टच्या उत्पन्नावरचा कर ट्रस्टच्या पैशांतूनच भरला जाईल. विश्वस्त मेहनताना घेणार नाहीत, फक्त अनघाताईंना हिशेबाचं शुल्क मिळेल.

वर्षातून एकदा पानभर हिशेब निघेल. १८ पूर्ण झाल्यावर तो मागण्याचा आणि करारनामा वाचण्याचा तुमचा हक्क आहे. बाबा किंवा आईला हिशेब विचारणं हा उद्धटपणा नाही. विचाराच. मी त्यांना तसं सांगून ठेवलं आहे. आजचा हिशेब या पत्राला जोडला आहे. मूळ करारनामा अनघाताईंकडे आणि एक प्रत माझ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात, निळ्या फाइलमध्ये आहे.

मुक्ता, पुढच्या वाढदिवसानंतर एक दुपार माझ्यासाठी मोकळी ठेव. आपण दोघं करारनामा कलमागणिक वाचू, आणि तुला खटकेल ते पेन्सिलीने खूण करून अनघाताईंना विचारू. ईशानला बसायचं असेल तर बसू दे. ओवीला एवढ्यात वाचून दाखवू नका, टक्केवारी येण्याआधीच ती उठून जाईल.

तुमचे,
आबा