पुणे येथील मा. कामगार न्यायालयात बडतर्फ कामगाराचे मागणीचे निवेदन

संदर्भ (आयडीए) क्र. 97/2023

पहिला पक्ष : भोसरी औद्योगिक क्षेत्रातील वाहनांचे सुटे भाग बनवणारी खाजगी कंपनी

दुसरा पक्ष : कामगार, वय 41 वर्षे, पूर्वीचा हुद्दा प्रेस ऑपरेटर, रा. चिखली, ता. हवेली, जि. पुणे

विषय : पूर्ण मागील वेतन व सेवासातत्यासह पुन्हा कामावर घेणेबाबत

दुसऱ्या पक्षातर्फे मागणीचे निवेदन येणेप्रमाणे सादर करण्यात येते :

1. दुसरा पक्ष 1 जून 2009 पासून पहिल्या पक्षाकडे कायम कामगार म्हणून सलग नोकरीस होता व त्याचे शेवटचे मासिक वेतन रु. 21,400 होते. तो स्वतः पॉवर प्रेस चालवत असे. त्याच्याकडे देखरेखीचे वा व्यवस्थापनाचे कोणतेही काम नव्हते. सबब तो औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 च्या कलम 2(एस) प्रमाणे कामगार आहे. बडतर्फीपूर्वी त्याला एकदाही मेमो मिळालेला नाही.

2. दुसरा पक्ष चालवत असलेल्या 150 टनी प्रेसचा सुरक्षा सेन्सर मार्च 2022 च्या पहिल्या आठवड्यापासून बायपास करून ठेवलेला होता, त्यामुळे कामगाराचा हात डायमध्ये असतानाही प्रेस खाली येऊ शकत होती. दुसऱ्या पक्षाने 10 मार्च 2022 रोजी पाळीच्या नोंदवहीत ही बाब स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिली. दुरुस्ती झाली नाही. दि. 14 मार्च रोजी सुपरवायझरने त्याच स्थितीत प्रेस चालवण्यास सांगितले असता, सेन्सर जोडून मिळाल्यास लगेच काम सुरू करतो, तोपर्यंत दुसऱ्या मशीनवर काम द्यावे, असे दुसऱ्या पक्षाने इतर कामगारांसमक्ष सांगितले. त्याने काम नाकारलेले नाही. बोटे तुटतील अशा मशीनवर हात घालण्यास नकार दिला. धोकादायक यंत्राला संरक्षक व्यवस्था ठेवणे ही कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 21 प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे.

3. दुसऱ्या दिवशी त्यास निलंबित करून 21 मार्च 2022 च्या आरोपपत्राने आज्ञाभंग व वरिष्ठांशी उद्धट वर्तन असे आरोप ठेवण्यात आले. दुसऱ्या पक्षाच्या माहितीप्रमाणे निलंबनानंतर तीनच दिवसांत त्या प्रेसचा सेन्सर पूर्ववत जोडण्यात आला. देखभाल नोंदवही व पाळीची नोंदवही पहिल्या पक्षाच्या ताब्यात असून त्या हजर करण्याचा आदेश व्हावा, असा स्वतंत्र अर्ज या निवेदनासोबत दिला आहे. तक्रार निराधार होती, तर निलंबनानंतर लगेच दुरुस्ती करण्याची गरज का पडली, याचे उत्तर या नोंदींतूनच मिळेल.

4. खातेनिहाय चौकशी नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांना सोडून झाली. दुसऱ्या पक्षाने मागितलेल्या वरील दोन्ही नोंदवह्या त्यास दाखवण्यात आल्या नाहीत. सहकारी कामगारामार्फत बचाव करू देण्याची लेखी विनंती कारण न देता फेटाळली गेली. सुपरवायझरच्या जबाबानंतर उलटतपासासाठी पुढील तारीख मागितली असता ती नाकारून त्याच दिवशी पुरावा बंद करण्यात आला. एप्रिल व मे 2022 चा निर्वाह भत्ता चौकशी संपेपर्यंत दिला गेला नाही. मुलांच्या शाळेची फी आणि घरभाडे थकलेले असताना दुसरा पक्ष उसनवारीच्या पैशांवर चौकशीस हजर राहत होता. चौकशी अहवाल त्यास 30 जुलै 2022 च्या बडतर्फीच्या आदेशासोबतच मिळाला, त्यामुळे निष्कर्षांवर म्हणणे मांडण्याची संधी राहिली नाही. सबब चौकशीची वैधता व निष्कर्षांचा विपर्यास हे मुद्दे प्राथमिक मुद्दे म्हणून निश्चित व्हावेत.

5. आरोप सिद्ध झाले असे क्षणभर गृहीत धरले तरी, तेरा वर्षांच्या निष्कलंक सेवेनंतर बडतर्फी ही शिक्षा धक्कादायकरीत्या कठोर आहे व कलम 11-अ अन्वये मा. न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करणे न्यायाचे होईल.

6. दुसऱ्या पक्षाने 12 सप्टेंबर 2022 रोजी मागणीपत्र पाठवले. समेट अधिकाऱ्यांसमोर तडजोड न झाल्याने प्रस्तुत संदर्भ मा. न्यायालयाकडे आला आहे.

7. बडतर्फीपासून दुसऱ्या पक्षाला नियमित नोकरी मिळालेली नाही. परिसरातील अनेक कारखान्यांत त्याने अर्ज केले, परंतु मागील नोकरी सोडण्याचे कारण विचारले गेले की बोलणे तिथेच थांबते. अधूनमधून टेम्पो भरण्या-उतरवण्याची मजुरी मिळते, तिच्यावर पाच जणांचे कुटुंब चालत नाही व तिला लाभदायक रोजगार म्हणता येत नाही. बेकायदा बडतर्फीत मागील वेतनासह पुनःस्थापना हा सर्वसाधारण नियम असल्याचे मा. सर्वोच्च न्यायालयाने दीपाली गुंडू सुरवसे (2013) या निकालात स्पष्ट केले आहे.

विनंती :

(अ) चौकशी अवैध व निष्कर्ष विपर्यस्त असल्याचे ठरवून 30 जुलै 2022 चा बडतर्फीचा आदेश रद्द करावा;

(ब) दुसऱ्या पक्षास मूळ हुद्द्यावर, सेवासातत्य व त्या अनुषंगाने मिळणाऱ्या सर्व लाभांसह 30 जुलै 2022 पासून पूर्ण मागील वेतन देऊन पुन्हा कामावर घेण्याचा निवाडा पहिल्या पक्षाविरुद्ध करावा;

(क) या कामाचा खर्च पहिल्या पक्षाकडून देवविण्यात यावा व न्यायाचे इतर योग्य हुकूम व्हावेत.

ठिकाण : पुणे
दिनांक : 18 जुलै 2023

सत्यापन : मी, दुसरा पक्ष कामगार, प्रतिज्ञेवर कथन करतो की, परिच्छेद 1, 2, 4, 6 व 7 मधील तसेच परिच्छेद 3 मधील निलंबन व आरोपपत्राविषयीची वस्तुस्थिती माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे, सेन्सर पूर्ववत जोडल्याची बाब मला मिळालेल्या माहितीप्रमाणे आणि कायद्याविषयीची कथने मला मिळालेल्या सल्ल्याप्रमाणे खरी आहेत. म्हणून आज 18 जुलै 2023 रोजी पुणे येथे सही केली आहे.

दुसरा पक्ष कामगार