ग्लूट्स प्रोग्रॅम: तुझे पुढचे 8 आठवडे

तुझं ऐरोलीचं ऑफिस आणि दिवसभराचं बसणं बघून मंगळवार, शुक्रवार आणि रविवार सकाळ असे तीनच दिवस ठेवलेत, एक्सरसाइज मुद्दाम कमी आहेत कारण ग्लूट्स वाढतात ते वजन हळूहळू चढवल्यामुळे, दर आठवड्याला नवीन काहीतरी केल्यामुळे नाही.

मंगळवार. हिप थ्रस्ट 4 सेट, 8 ते 10 रेप्स, सुरुवात 40 किलो. बेंचची कड खांद्याच्या पात्यांच्या खालच्या टोकाला, हनुवटी छातीकडे, वर गेल्यावर नडग्या उभ्या सरळ. वर पोचलीस की माकडहाड आत घेऊन ग्लूट्स घट्ट आवळ आणि पूर्ण एक सेकंद थांब, हा एक सेकंद खाल्लास तर सेटच मोजू नकोस. कंबर कमानीसारखी वाकली म्हणजे वजन जास्त झालं, हॅमस्ट्रिंग आखडायला लागले तर पाय थोडे जवळ घे. मग बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट 3 सेट, प्रत्येक पायावर 8-10, धड किंचित पुढे झुकवून. शेवटी अ‍ॅबडक्शन मशीन 2 सेट, 15-20.

शुक्रवार. रोमानियन डेडलिफ्ट 3 सेट, 8 रेप्स, 30 किलो. गुडघे हलके वाकलेले, हिप्स मागे ढकल, बार मांड्यांना घासत जाऊदे, खाली जायला 3 सेकंद घे आणि पाठ गोल व्हायच्या आधी थांब, जमिनीला टेकायची गरज नाही. मग लेग प्रेस पाय वर ठेवून 3 सेट 10-12, बॅक एक्स्टेंशन 2 सेट 12-15.

रविवार हलका: स्टेप-अप 3 सेट 10, केबल किकबॅक 2 सेट 15, अ‍ॅबडक्शन परत 2 सेट. पारसिक हिलचा चढ चालून आलीस तर छानच पण तो याच्याऐवजी नको.

मोठ्या लिफ्टमध्ये रेस्ट 2-3 मिनिटं, घड्याळ लावून, मोबाइल चाळत अंदाजे नाही. प्रत्येक सेट अजून 1-2 रेप्स निघाल्या असत्या तिथे संपव, सगळ्या सेटमध्ये वरचा आकडा आला की पुढच्या वेळी अडीच किलो वाढव. फक्त पाचव्या आठवड्यात शरीराला आराम म्हणून सेट निम्मे.

हिप्सच्या बाजूचा खोलगटपणा भरेल का विचारलंस ना, ग्लूट मीडियस वाढला की थोडा फरक पडतो पण ती ठेवण मुख्यतः हाडांची असते गं, त्यासाठी स्वतःवर चिडू नकोस. मागचा भाग मात्र नक्की भरतो, महिन्यातून एकदा टेपने माप, वजनकाट्यावर विश्वास नको.

आणि जेवण कमी करू नकोस. तुझं वजन 58, म्हणजे दिवसाला साधारण 90-95 ग्रॅम प्रोटीन, अंडी, पनीर, चिकन, उसळ काहीही चालेल, गुरुवारच्या उपवासाला नुसती साबुदाणा खिचडी नको, सोबत दही आणि पनीर घे.

कंबरेत किंवा जांघेत टोचलं तर तिथेच थांब आणि बाजूने काढलेला व्हिडिओ मला पाठव, मी बघून मगच वजन वाढवायचं.