मराठी व्याकरण अध्यापन : शिक्षक पात्रता परीक्षेसाठी सराव प्रश्न (स्पष्टीकरणासह)

प्रश्न १. तिसरीतील सायली 'तो पडला', 'तो बसला' बरोबर लिहिते. मात्र 'त्याने अभ्यास करला' असे लिहिते. यावरून काय कळते?
(१) तिला भूतकाळ समजलेला नाही
(२) तिने नियम ओळखला, पण तो अपवादालाही लावला
(३) ती निष्काळजी आहे
(४) तिला क्रियापद ओळखता येत नाही

उत्तर : (२) 'करला' हे रूप तिने नियमावरून स्वतः घडवले आहे. हे अतिसामान्यीकरण, म्हणजे शिकण्याचीच खूण. 'केला, गेला, आला' ही रूपे गोष्टींतून वारंवार कानावर पडू द्यावीत.

प्रश्न २. योग्य अध्यापनक्रम निवडा.
(अ) विभक्तींचा तक्ता (ब) नामाची ओळख (क) प्रत्यय लागताना नामात होणारा बदल (ड) लिंग व वचन
(१) अ-ब-क-ड (२) ब-अ-ड-क (३) ब-ड-क-अ (४) ड-ब-अ-क

उत्तर : (३) सामान्यरूप लिंग-वचनावर अवलंबून असते : घोडा-घोड्याला, शाळा-शाळेला, घोडे-घोड्यांना. तक्ता आधी पाठ करून घेतला की वहीत 'घोडाला' उमटते.

प्रश्न ३. पाचवीतील इम्रान 'मी चिठ्ठी लिहिलो' असे लिहितो. चुकीचे मूळ शोधण्यासाठी सर्वांत उपयुक्त कृती कोणती?
(१) बरोबर वाक्य दहा वेळा लिहून घेणे
(२) कर्मणी प्रयोगाची व्याख्या विचारणे
(३) 'रवीने चिठ्ठी …' हे वाक्य पूर्ण करायला देणे
(४) 'मी शाळेत …' हे वाक्य पूर्ण करायला देणे

उत्तर : (३) हा पर्याय नीट समजून घ्या, निदानाचे प्रश्न असेच असतात. इम्रानने 'रवीने चिठ्ठी लिहिली' म्हटले, तर क्रियापद कर्माप्रमाणे बदलते हे त्याला ठाऊक आहे. अडचण 'मी'ची आहे : तिथे 'ने' दिसत नाही, म्हणून 'मी आलो, मी बसलो' यांचाच साचा तो वापरतो. त्याने 'रवीने चिठ्ठी लिहिला' म्हटले, तर मात्र कर्माशी जुळणीच शिकवावी लागेल. पर्याय (४) मोहात पाडतो, पण 'गेलो' हे अकर्मक रूप त्याला येतेच. त्यातून नवे काही कळत नाही.

प्रश्न ४. इम्रानच्या वर्गात सुरुवातीला कोणते वाक्य टाळावे?
(१) मी चित्र काढले (२) मी नाव विसरलो (३) तिने गाणी ऐकली (४) मी वही आणली

उत्तर : (२) 'विसरणे', 'शिकणे' ही क्रियापदे सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याप्रमाणे चालतात. मूळ नियम पक्का होण्याआधी ती आली, तर इम्रानची चूकच घट्ट होते.

प्रश्न ५. एक मूल वर्गात सांगते, 'मी गावाला गेलतो.' शिक्षकाने काय करावे?
(१) लगेच अडवावे
(२) चूक फळ्यावर लिहावी
(३) बोलणे पूर्ण होऊ द्यावे आणि लेखनाच्या तासाला 'गेलो होतो' हे रूप शेजारी ठेवावे
(४) दुर्लक्ष करावे

उत्तर : (३) 'गेलतो' हे बोलीतले नियमित रूप आहे, चूक नव्हे. मुलाला प्रमाण रूप हवेच, कारण पुढचे वाचन-लेखन त्यात आहे. पण घरची भाषा खोडून ते देता येत नाही. पर्याय (४) सौम्य वाटला, तरी त्यात मूल प्रमाण रूपाला मुकते.