बाबांची ट्रॅकिऑस्टॉमीची नळी: घरी घ्यायची काळजी

बाबांच्या गळ्यात फुगा नसलेली 8 नंबरची नळी आहे. त्यांचा श्वास तिच्यातूनच चालतो, आवाज फुटत नाही. त्यामुळे त्रास झाला तर ते हाक मारू शकणार नाहीत. उशाशी घंटी ठेवा आणि रात्री कोणीतरी त्याच खोलीत झोपा.

सक्शन

घड्याळ लावून सक्शन करू नका. घरघर ऐकू आली, कफ दिसला, दम लागला किंवा बाबांनी खूण केली की करा. आधी त्यांना खोकू द्या. कफ वर आला तर पुसून घेतला की काम झालं.

हात साबणाने धुवा, ग्लोव्हज घाला. मशीनचा दाब 100 ते 120 mmHg, कॅथेटर 12 नंबरचा. तो आत जाताना कॅथेटरच्या बाजूच्या भोकावरचं बोट उचललेलं हवं. वॉर्डात खूण करून दिली आहे तिथपर्यंतच घाला. मग बोट ठेवून बाहेर काढा. आत घालण्यापासून बाहेर येईपर्यंत 10 सेकंदांच्या वर नको. (तेवढा वेळ स्वतःचा श्वास रोखून बघा, घाई का करायची ते कळेल.) पुन्हा करायचं तर आधी त्यांना दम खाऊ द्या. कफ घट्ट असला तरी नळीत स्वतःच्या मनाने सलाईन सोडू नका, आम्हाला फोन करा.

आतली नळी

दिवसातून तीनदा, कफ जास्त असेल तर आणखी वेळा. एका हाताने बाहेरची नळी धरा, दुसऱ्याने आतली फिरवून काढा आणि लगेच दुसरी स्वच्छ नळी बसवून लॉक करा. काढलेली नळी उकळून गार केलेल्या पाण्यात ब्रशने धुवा, उजेडाकडे धरून आरपार बघा, कोरडी करून झाकणाच्या डब्यात ठेवा. ब्रश गळ्यातल्या नळीत कधीही घालायचा नाही.

श्वास अडकला तर

एकाने रुग्णवाहिका बोलवायची, दुसऱ्याने बाबांपाशी थांबायचं. नळीवर बोलण्याचा व्हॉल्व्ह किंवा फिल्टर लावलेला असेल तर तो काढा, मग आतली नळी काढा. बऱ्याचदा एवढ्यानेच श्वास मोकळा होतो. नाही झाला तर सक्शन करा. कॅथेटर आतच जात नसेल तर नळी बंद झाली आहे: पट्टी कापा, नळी काढा आणि नवी बसवा.

नळी निघून आली तर

घाबरू नका, मान थोडी मागे करा. जादा नळ्यांच्या डब्यातल्या नव्या नळीला जेल लावून ती ऑब्ट्युरेटरसकट, म्हणजे आतल्या दांडीसकट, गोलाई खाली वळवत आत सरकवा आणि ऑब्ट्युरेटर ताबडतोब काढा. तो आत असेपर्यंत श्वास जात नाही. जोर लावायचा नाही. 8 नंबरची जात नसेल तर 7 ची घाला. तीही जात नाही आणि बाबा श्वास घेत नाहीत, तर गळ्यावरचं भोक ओल्या गॉझने दाबून तोंडाने श्वास द्या. त्यांचा वरचा मार्ग मोकळा आहे, म्हणून हे चालतं.

सक्शननंतर कफात रक्ताची एखादी रेघ दिसली तर फोन करून विचारा. लालभडक रक्त वाहू लागलं तर थोडं असलं तरी वाट न बघता रुग्णालयात आणा. ताप, हिरवट दुर्गंधीचा कफ किंवा भोकाभोवती लाली असेल तर त्याच दिवशी दाखवा.

8 आणि 7 नंबरच्या दोन जादा नळ्या, कात्री, पट्टी, जेल आणि टॉर्च असलेला डबा बाबा जातील तिथे, अगदी बाथरूमपर्यंतसुद्धा, सोबत हवा.